फुरसे चावलेल्या रुग्णाची रेफरल चिठ्ठी

राजापुराहून रुग्ण रत्नागिरीला पाठवताना चिठ्ठीत नुसते ‘एएसव्ही दिले’ असे लिहू नका. त्यावरून पुढची मात्रा केव्हा द्यायची, हे तिथल्या डॉक्टरांना ठरवता येत नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, म्हणून काचेच्या नळीतल्या २० मिनिटांच्या तपासणीचा निकाल वेळेसह लिहावा (नळी साबणाने धुतलेली असेल, तर तो निकाल फसवा ठरतो). उदाहरणार्थ: ‘८.४०: रक्त गोठले नाही. ९.०० ते १०.००: १० कुप्या सलाइनमधून दिल्या. रिअ‍ॅक्शन नाही. पुढील तपासणी ४.०० वाजता.’ रिअ‍ॅक्शन आली असल्यास अ‍ॅड्रेनॅलिन किती, कुठे व केव्हा दिले, हेही नोंदवावे. मात्रेनंतर सहा तासांनीही रक्त गोठले नाही, तरच पुन्हा एएसव्ही द्यायचे असते. वेळ लिहिली नसेल, तर ते घाईने दुप्पट जाते किंवा राहूनच जाते.