पाच भाकरींचा हिशेब

प्रश्न: आजी म्हणते, "आम्ही जन्मभर भाकरी खाल्ली, आम्हाला काही झालं नाही." डाएटवाले म्हणतात, कार्ब्ज कमी करा, प्रोटीन वाढवा, सातच्या आत जेवा. ऐकायचं कुणाचं?

मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आजी माझ्याकडेच असते आणि संध्याकाळी आम्ही दोघी फिरायला जातो. ती मंगळवेढ्याकडची, म्हणजे ज्वारीच्या मुलखातली. त्यामुळे चालताना आमचा वाद नेमका तुम्ही विचारलाय त्यावरच होतो.

सातच्या आत जेवण्याचा मुद्दा आजीनं लवकर निकालात काढला. मी तिला सांगत होते की लवकर जेवून मग थोडं चाललं की जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहते, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. ती म्हणाली, "आमी दिवेलागणीला जेवायचो ते काय तब्येतीसाठी न्हवं गं. रॉकेल रेशनवर मिळायचं. दिवा किती येळ जाळायचा?" सवय चांगलीच होती, पण ती कुणी नियम म्हणून पाळत नव्हतं. दिवसच तसा बांधलेला होता. पहाटे उठायचं, दिवसभर रानात राबायचं आणि अंधार पडला की झोपायचं. आता तीच आजी मालिका बघत साडेदहापर्यंत जागी असते. सातला जेवली तर दहाला तिला भूक लागते आणि मग बिस्किटांचा पुडा फुटतो. म्हणून आम्ही आठला जेवतो आणि मग अंगणात शतपावली करतो.

खरा वाद भाकरीचा. मी एकदा तिला विचारलं, तरुणपणी दिवसाला किती भाकरी खायचीस? ती म्हणाली, पाच. न्याहारीला एक, रानात दुपारी दोन, रात्री दोन. भाकरी केवढी, तर तिनं दोन्ही हात ताटाएवढे पसरून दाखवले. घरी आल्यावर मी तिला तेवढ्याच भाकरीचं पीठ काट्यावर घ्यायला लावलं. शंभर ग्रॅमच्या आसपास भरलं. म्हणजे दिवसाला अर्धा किलो ज्वारी! शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रथिनं असतात. नुसत्या भाकरीतून पन्नास ग्रॅम प्रथिनं आणि सतराशेच्या आसपास कॅलरी तिच्या पोटात जायच्या. खुरपणी, काढणी, पाणी शेंदणं, जात्यावर दळणं यात त्या कॅलरी खर्चही व्हायच्या.

आज आजी दोन भाकरी खाते, पातळ, पन्नास ग्रॅम पिठाची एकेक. खर्चच नाही तर पाच खाऊन करणार काय? भाकरी कमी झाली ते योग्यच झालं. पण सोबतची आमटी तेवढीच राहिली, तीही पाण्यासारखी. मी तिच्या एका दिवसाची बेरीज मांडली. भाकरीतून दहा ग्रॅम, दोन वेळच्या पातळ आमटीतून सहा-सात, शेंगांच्या चटणीतून पाच, चहातल्या दुधातून तीन, सकाळच्या पोह्या-उपम्यातून तीनेक. सगळं मिळून सत्तावीस-अठ्ठावीस. तिचं वजन बावन्न किलो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तिला त्रेचाळीस तरी हवीत. "आमी तेच खातो" हे तिचं म्हणणं खरं आहे. पदार्थ तेच आहेत, पण ताटातलं प्रथिन निम्म्याच्या जवळ आलंय. ते दिसतंही. कट्ट्यावरून उठताना ती दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून उठते. त्यामागे निव्वळ गुडघ्याचं दुखणं नाही, मांडीचे स्नायूही कमी झालेत.

दुसरी गोष्ट ज्वारीच्या प्रथिनाची. त्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर हुलगा, मटकी, तूर, पिठलं ही जोडी मुळातच पक्की. पण ती जोडी घरात सगळ्यांच्या ताटात पडत होती का? हे मी विचारलं तेव्हा आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गडीमाणसं जेवली, पोरं जेवली, की तपेल्यात काय उरायचं? उरलंच तर भाकरी कोरड्यासासंगं खायची, न्हाईतर चटणी हायच." १९७२ च्या दुष्काळात ती कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकेच्या लाल मिलोची भाकरी आणि कामावरची सुकडी, यावर ते दिवस काढले. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिला उठता-बसता चक्कर यायची. त्याला तेव्हा कुणी रक्त कमी आहे असं म्हटलं नाही, "बाईमाणसाला व्हतंय" म्हणाले. "आम्हाला काही झालं नाही" हे वाक्य मला म्हणूनच ऐकवत नाही. झालं होतं, फक्त मोजलं नव्हतं. आजही परिस्थिती फार वेगळी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्तक्षय आढळला.

आता डाएटवाल्यांचं. "कार्ब्ज बंद" हे मी कुणालाच सांगत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या पंचेचाळीस टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. आजीच्या जुन्या ताटात हा वाटा पाऊणच्या घरात होता. बैठ्या माणसानं तो कमी करायलाच हवा. पण कमी करायचा म्हणजे भाकरी टाकून पावडरचा डबा आणायचा, असं नाही. ती जागा डाळीनं भरायची.

आमच्या घरी असं केलं. भाकरी दोनच ठेवल्या. आमटी घट्ट केली, दोन्ही वेळा माणशी वीस ग्रॅम कोरडी तूरडाळ. दुपारी चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, त्यातून आठ-नऊ ग्रॅम मिळतात. पण पहिल्याच दिवशी आजीनं वाटी बाजूला सारली. कवळी बसवल्यापासून मटकी तिच्याकडून चावली जात नाही. मग मटकी जास्त शिजवून घोटली, नाहीतर त्या जागी पिठलं किंवा हुलग्याचं माडगं. हुलग्याच्या माडग्यावर तिची तक्रार नव्हती, उलट माझ्या फोडणीत लसूण कमी पडला म्हणून मला ऐकून घ्यावं लागलं. त्यात एक वाटी दही. बेरीज त्रेचाळिसाच्या आसपास जाते. जेवणाला लागूनचा चहा मात्र तासभर पुढे ढकलला, कारण चहामुळे अन्नातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. यावरून ती अजून रागावते. उसळीवर लिंबू पिळणं तिला पटलं, लोह शोषायला त्याची मदत होते.

तुमच्या आजींसाठी काही बदलण्याआधी एक दिवस त्यांच्या वाट्याची डाळ-कडधान्यं शिजवण्यापूर्वी काट्यावर मोजा. शिजलेल्या वाटीवर अंदाज बांधू नका, आमटीत पाणी किती आहे ते वाटीवरून कळत नाही. डाळ एकदम वाढवली तर पोटात गुबारा धरतो, म्हणून आठवड्याला थोडी थोडी वाढवा आणि कडधान्य मोड आणूनच शिजवा. आजींना मूत्रपिंडाचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. त्यांच्या प्रथिनांचं प्रमाण रिपोर्ट बघूनच ठरतं.