तक्रारअर्ज लिहिण्याआधी

प्रिय मुली,

ऑफिसातल्या त्या माणसाच्या त्रासाबद्दल तुझ्या आईशी काही बोललेले नाही. ज्यांना सांगायचं त्यांना तू सांग.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या, कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून मी बरीच वर्षं बसते आहे. त्यासाठीचा कायदा २०१३चा. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे ही समिती असायलाच हवी. अध्यक्षस्थानी वरच्या पदावरची बाईच असते, निम्म्या तरी सदस्य बायका असतात आणि एक सदस्य कंपनीबाहेरची. कंपनीने सदस्यांची नावं कार्यालयात लावलेली असतात. अर्ज त्यांच्याकडे द्यायचा. एचआरला तोंडी सांगितलं म्हणजे तक्रार झाली, असं समजू नकोस.

आधी मुदत बघ. घटनेपासून तीन महिने मिळतात. प्रकार पुन्हापुन्हा झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून. समज, जानेवारीत त्याने पहिल्यांदा अंगचटीला येणारं बोलणं केलं, फेब्रुवारीत रात्रीचे मेसेज आले आणि १८ मार्चला गाडीत हात धरला. मग १७ जूनच्या आत अर्ज पोचलेला बरा. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नये.

अर्जाच्या सहा प्रती लागतात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. एक प्रत सात कामाच्या दिवसांत त्याच्याकडे जाते. तू लिहिलेलं प्रत्येक वाक्य तो वाचणार, हे धरूनच लिही. मुली इथे चुकतात. ‘ते नेहमी विचित्र वागतात’ एवढंच लिहिलं तर त्याला ‘मी तसा नाही’ एवढंच उत्तर पुरतं. ‘१८ मार्च, संध्याकाळी सात, चाकणहून परतताना, मागच्या सीटवर, ड्रायव्हर पुढे’ असं लिहिलंस तर त्याला त्या संध्याकाळबद्दल बोलावं लागतं आणि समितीला ड्रायव्हरला बोलावता येतं. दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढायचे अधिकार समितीला आहेत. मेसेजचे स्क्रीनशॉट दे, पण मूळ मेसेज फोनमधून पुसू नकोस. त्या रात्री मैत्रिणीला काही सांगितलं असशील तर तीही साक्षीदार होते. गाडीत तिसरं कोणी नव्हतं म्हणून तक्रार पडत नाही. फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावा इथे लागत नाही, काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे ते तोललं जातं.

तो तुझा वरिष्ठ असेल तर अर्जासोबतच वेगळ्या कागदावर अंतरिम दिलासा माग. बदली, तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा, किंवा तुझ्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये असा आदेश मिळू शकतो. लेखी मागितल्याशिवाय सहसा काही मिळत नाही. आणि बदली मागायचीच तर त्याची माग.

कोणीतरी ‘मिटवून टाका’ म्हणेल. समेट तू मागितलास तरच होतो, पैसे देऊन करता येत नाही, आणि एकदा झाला की पुढची चौकशी थांबते. मी त्या बाजूची नाही, पण निर्णय तुझा.

त्याला उत्तराला दहा कामाचे दिवस मिळतात, मग सुनावण्या. वकील कोणालाच आणता येत नाही. अध्यक्षांसह किमान तिघेजण हजर नसतील तर कामकाज सुरू करू देऊ नकोस. तो समोर बसून प्रश्न विचारणार असेल आणि तुला ते झेपणार नसेल, तर प्रश्न लेखी घेऊन अध्यक्षांनी विचारावेत, असं माग. जबाबाची प्रत वाचल्याशिवाय सही नको.

त्यालाही पुरेशी संधी मिळायला हवी, आणि ते तुझ्याच हिताचं आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाची चौकशी २००९ मध्ये घाईघाईने उरकली गेली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कारणाने कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी! त्याला तारीख वाढवून दिली म्हणून चिडू नकोस.

चौकशीला ९० दिवस, अहवालाला त्यानंतर १०, कंपनीच्या कारवाईला ६०. सगळं वेळेवर झालं तरी पाच महिने उलटतात. निष्कर्ष तुलाही मिळतात. पटले नाहीत तर समितीला लेखी म्हणणं दे, पुढे ९० दिवसांत अपील आहे. ‘सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई’ ही धमकी खोटी आहे. पुरावा कमी पडणं वेगळं, जाणूनबुजून खोटी तक्रार करणं वेगळं. मात्र चालू प्रकरणाबद्दल ऑफिसच्या ग्रुपवर किंवा बाहेर कुठे लिहू नकोस. गोपनीयता तुलाही लागू आहे.

पोलिसांत जायचं असेल तर समितीचा निकाल येईपर्यंत थांबायची गरज नाही. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात.

आधी तारखांचा कागद कर. मजकूर नंतर.

तुझी,
मावशी