स्कोअर कमी असताना गाडीचं कर्ज: आधी हप्ता, मग गाडी

प्रश्न: आयुष्यात कधी कर्ज घेतलं नाही, क्रेडिट कार्डही नाही. बँक म्हणते तुमचा स्कोअरच नाही, म्हणून कर्ज नाही. कर्ज न घेणं हा गुन्हा आहे का?

गुन्हा नाही, पण कर्ज देणाऱ्याची अडचण समजून घ्या. स्कोअर म्हणजे तुमच्या प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र नव्हे. आधीची उधारी कशी फेडली, याच्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधायचा असतो, आणि तुमच्या नावावर नोंदीच नाहीत. त्यामुळे संगणक तुमचा अर्ज बाजूला टाकतो. तरीही हप्ते बुडवलेल्या माणसापेक्षा तुमची स्थिती बरीच चांगली आहे, कारण तुम्हाला काही पुसायचं नाही, फक्त दाखवायचं आहे.

दाखवायचं काय, तर वर्षभराचं खात्याचं स्टेटमेंट. अशा अर्जात ते माणूस वाचतो आणि ठरावीक गोष्टी शोधतो. पगार एकाच तारखेच्या आसपास जमा होतो का, महिनाअखेरीला शिल्लक शून्याला टेकते का, एखादा चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेलाय का. शेवटची गोष्ट सर्वांत जास्त नडते. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथेच आधी विचारा, कारण तुमचे व्यवहार तिला आधीपासून दिसत असतात. आणि अर्ज यंत्राने नाकारला असेल तर कागदपत्रांसह तो अधिकाऱ्याकडे तपासणीला जाऊ शकतो का, हेही विचारा.

गाडीची घाई नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या. ठेव तारण असल्यामुळे त्याला जुना स्कोअर सहसा लागत नाही. त्यावर महिन्याला एखाददुसरी छोटी खरेदी करा आणि पूर्ण बिल मुदतीआधी भरा. किमान रक्कम भरून उरलेलं पुढे ढकलू नका, त्याने स्कोअरला फायदा होत नाही, व्याज मात्र लागतं. साधारण सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की स्कोअर तयार होऊ लागतो. एवढ्याने मोठं कर्ज सहज मिळेल असं नाही, पण स्कोअरच नसल्यामुळे अर्ज बाजूला पडणं थांबतं.

प्रश्न: हातात महिना 32 हजार येतात, दुसरा हप्ता नाही, साठवलेले दीड लाख आहेत. स्कोअर कमी आहे. 8 लाखांची नवी गाडी बघून ठेवलीय. डीलर म्हणतो, 1 लाख भरा, 7 वर्षांचं कर्ज करून देतो. घेऊ का?

माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते आकड्यांवरून पटतं का बघा.

1 लाख भरल्यावर कर्ज उरतं 7 लाख. स्कोअर कमी म्हणून दर समजा 15 टक्के लागला. 7 वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे 13,500. एकूण भरणा 11 लाख 35 हजारांच्या घरात, म्हणजे व्याजच जवळपास 4 लाख 35 हजार. हप्ता तुमच्या हातातल्या पगाराच्या 42 टक्के होतो. त्यावर इंधन, विमा, सर्व्हिसिंग. कर्ज देणारा यातला फक्त हप्ता मोजतो, बाकीचं तुम्हालाच मोजायचं आहे.

खरी भीती दोन वर्षांनंतरची आहे. तोपर्यंत तुम्ही सुमारे 3 लाख 24 हजार भरलेले असतील, पण मुद्दल फिटलेलं असेल जेमतेम 1 लाख 32 हजार, कारण लांब मुदतीत सुरुवातीचे हप्ते बहुतेक व्याजातच जातात. बाकी राहतात 5 लाख 68 हजार. त्याच वेळी नोकरी गेली आणि गाडी विकायची वेळ आली, अन् बाजारात तिला 5 लाख 20 हजार मिळाले, तर गाडी देऊनही 48 हजार खिशातून भरावे लागतील. ते भरता आले नाहीत की कमी स्कोअर आणखी खाली. अशा स्थितीत मी माणसांना अडकलेलं पाहिलंय, आणि त्यांच्यापैकी कुणीही उधळपट्टी करणारं नव्हतं. मुदत लांबवल्यामुळे हप्ता परवडेल असं त्यांना वाटलं होतं, एवढंच.

आता उलट्या बाजूनं या. सगळा खर्च जाऊन गाडीसाठी महिना किती निघतो ते आधी ठरवा. समजा इंधन-विमा-दुरुस्ती धरून 16 हजार निघतात, त्यातले 6 हजार चालवण्याचे. मग हप्त्याला उरतात 10 हजार. मुदत 4 वर्षांच्या पुढे न्यायची नाही असं ठरवा. नव्याऐवजी जुनी गाडी बघा. तिला दर जास्त लागतो, म्हणून 16 टक्के धरू. या हिशेबात सुमारे साडेतीन लाखांचं कर्ज बसतं, हप्ता 9,900 च्या आसपास. त्यात तुमचे 1 लाख मिळवले की साडेचार लाखांची गाडी झाली. व्याज एकूण सव्वा लाख. दोन वर्षांनी बाकी उरते 2 लाखांच्या थोडी वर, आणि नीट ठेवलेली गाडी सहसा त्याहून जास्तीला जाते. दर 1 टक्का जास्त असूनही व्याज आधीच्या एक तृतीयांशाहून कमी आहे. दरापेक्षा रक्कम आणि मुदतच जास्त बोलते.

शिवाय कर्ज देणाऱ्याच्या नजरेतही फरक पडतो. पहिल्या गाडीत तो किमतीच्या 87 टक्क्यांहून जास्त रक्कम गुंतवतोय, दुसऱ्यात 78 टक्के. स्कोअर कमकुवत असला की गाडी विकून आपले पैसे सुटतील का, हाच त्याचा पहिला विचार असतो. म्हणून स्वस्त गाडी घेणाऱ्याचा अर्ज मंजूर होण्याची शक्यताही वाढते.

उरलेले 50 हजार मात्र हलवू नका. जुन्या गाडीला पहिल्याच वर्षी टायर, बॅटरी, क्लच यांपैकी काहीतरी निघतंच.

प्रश्न: जुन्या गाडीचा मालक साडेचार लाख मागतोय. कर्ज देणारी कंपनी म्हणते 80 टक्के देऊ. म्हणजे 3 लाख 60 हजार मिळणार ना?

बहुधा नाही. 80 टक्के कशाचे, ते विचारा. कंपनी आपला माणूस पाठवून गाडीचं मूल्यांकन करते आणि टक्केवारी त्या आकड्यावर लावते. मूल्यांकन 4 लाख 20 हजार झालं तर कर्ज मिळेल 3 लाख 36 हजार. वरचे 1 लाख 14 हजार तुम्हालाच भरायचे. म्हणून मालकाला बयाणा देण्याआधी मूल्यांकन करून घ्या. तो आकडा सौद्यातही उपयोगी पडतो, कारण तो तुमचा अंदाज नसून तिसऱ्याचा असतो.

दुसरी अट वयाची. कर्ज संपेल तेव्हा गाडी किती वर्षांची असेल, यावर मर्यादा असते. गाडी फार जुनी घेतली तर मुदत आखडते आणि हप्ता फुगतो, मग स्वस्त गाडी महाग पडते. गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज बाकी नाही ना, हे नोंदणीच्या कागदावर पाहा. बाकी असेल तर ते फिटल्याचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. आणि स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्या, विकणाऱ्याच्या ओळखीच्या नव्हे.

प्रश्न: एकजण 16 टक्के सांगतो, दुसरा 10 टक्के फ्लॅट. दुसरा स्वस्त आहे हे उघड नाही का?

दोघांकडून हप्ता लिहून घ्या, मग बघू. साडेतीन लाख, 4 वर्षं. 16 टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर असतील तर हप्ता सुमारे 9,920. फ्लॅट म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर व्याज: वर्षाला 35 हजार, 4 वर्षांचे 1 लाख 40 हजार, मुद्दलासह 4 लाख 90 हजार. भागिले 48, हप्ता 10,208. म्हणजे 10 टक्के फ्लॅट हा प्रत्यक्षात साडेसतरा टक्क्यांच्या थोडा वरचा दर आहे. तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज मात्र पूर्ण रकमेवरच मोजलं जातं, म्हणून असं होतं.

तुलना करताना रक्कम आणि मुदत सारखी ठेवा आणि तीन आकडे मागा: हातात प्रत्यक्ष किती येणार, हप्ता किती, एकूण हप्ते किती. प्रक्रिया शुल्क, कर्जाचा विमा, वाढीव वॉरंटी ही मंडळी कर्जाच्या रकमेतच मिसळली जातात आणि त्यांच्यावरही व्याज चढतं. नको असलेल्या गोष्टी काढायला सांगा. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हेही लेखी घ्या. वर्षभर हप्ते वेळेवर गेले आणि स्कोअर सुधारला की कमी दराच्या कर्जात जाण्याची वाट खुली राहायला हवी.

प्रश्न: चार वर्षांपूर्वी कार्डाचं बिल तडजोडीत मिटवलं होतं. आता दोघांनी कर्ज नाकारलं. एजंट म्हणतो, आणखी पाच ठिकाणी टाकून बघू.

टाकू देऊ नका. प्रत्येक अर्जासोबत कर्ज देणारा तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे उधारीच्या नोंदींचा अहवाल मागवतो आणि त्याची नोंद राहते. थोड्या दिवसांत अशा नोंदींची रांग लागली की पुढच्याला वाटतं, हा माणूस पैशांसाठी दारोदार फिरतोय. गाडीच्या कर्जाच्या जवळजवळच्या चौकशा काही स्कोअर पद्धतींत एकच धरल्या जातात, पण तुमचा कर्ज देणारा कोणती पद्धत वापरतो ते तुम्हाला माहीत नसतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर घटत नाही.

तो आजच काढा आणि कार्डाच्या ओळीपाशी थांबा. तिथे ‘सेटल्ड’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, पूर्ण रक्कम न घेता खातं मिटवलं. कर्ज देणाऱ्याला ते खटकतं. तेव्हा सोडलेली रक्कम आवाक्यातली असेल तर बँकेला लेखी विचारा: ती भरली तर खातं पूर्ण फेडलेलं म्हणून नोंदवाल का? होकार लेखी मिळाल्यावरच भरा, बाकी नसल्याचं पत्र घ्या आणि पुढचे एक-दोन महिने रिपोर्टमध्ये बदल झाला का ते तपासा. आणि रिपोर्टमध्ये तुमचं नसलेलं खातं किंवा भरूनही थकलेला दिसणारा हप्ता सापडला तर रिपोर्ट बनवणाऱ्या क्रेडिट ब्युरोकडे पावतीसह तक्रार करा. अशा चुका दुरुस्त झाल्या की स्कोअर लवकर सावरतो.

सध्या चालू असलेल्या कार्डांवरची थकबाकीही पाहा. मर्यादेच्या काठाला टेकलेलं कार्ड स्कोअर दाबून ठेवतं. ती थकबाकी बरीच खाली आणली तर पुढच्या एक-दोन बिलांतच फरक दिसू शकतो. हे सगळं झाल्यावर एकाच ठिकाणी, पूर्ण कागदांसह अर्ज करा.

प्रश्न: माझ्या कर्जाला मोठा भाऊ जामीन राहायला तयार आहे. चालेल का?

चालेल, पण सही करण्याआधी दादांना एवढं सांगा. हे कर्ज त्यांच्याही रिपोर्टमध्ये दिसू शकतं आणि त्यामुळे त्यांना पुढे घराचं कर्ज कमी मिळू शकतं. तुमचा हप्ता चुकला तर त्यांचाही स्कोअर पडतो आणि वसुलीचा फोन त्यांना जातो. हप्त्याच्या खात्यात किमान दोन हप्त्यांची रक्कम कायम राखून ठेवा, आणि पगार उशिरा येतोय असं दिसलं तर हप्त्याची तारीख उलटण्याआधीच त्यांना कळवा.