वहिवाटीचा रस्ता अडवला. दाव्यात कोणाकोणाला ओढायचं?

प्रश्न : ओढ्यापलीकडे आम्हा 34 जणांची शेती आहे. तिकडे जायचा पिढ्यान्‌पिढ्यांचा गाडीरस्ता एका गटातून जातो. 14 महिन्यांपूर्वी त्या गटाच्या मालकांपैकी थोरल्या भावाने रस्त्यावर आडवा चर खणला. सातबारावर तिघा भावांची नावं आहेत. त्यातला एक वारलाय, त्याची बायको-मुलं पुण्यात असतात. जमीन एक वाटेकरी कसतो. आमच्यातले बरेच जण कोर्टात यायला तयार नाहीत. दावा फक्त थोरल्यावर लावला तर चालेल का? तलाठी, ग्रामपंचायत यांनाही पक्षकार करावं लागेल का?

उत्तर : फक्त थोरल्यावर दावा लावू नका. चर त्याने खणला हे खरं, पण तुम्हाला नुसता चर बुजवून हवाय की त्या जमिनीतून जायचा हक्क कायमचा ठरवून हवाय, हे आधी पक्कं करा. कोण आवश्यक पक्षकार आणि कोण योग्य पक्षकार, हे दाव्याच्या शेवटी तुम्ही काय मागता त्यावर ठरतं.

1962 साली उदित नारायण सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली कसोटी आजही वापरतात. ज्याच्याशिवाय परिणामकारक आदेशच देता येत नाही तो आवश्यक पक्षकार. ज्याच्याशिवाय आदेश देता येतो, पण वाद पुरता मिटवायला ज्याची हजेरी लागते तो योग्य पक्षकार. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 1 रूल 9 प्रमाणे पक्षकार कमी-जास्त झाले म्हणून दावा पडत नाही. मात्र 1976 च्या दुरुस्तीने त्यालाच अपवाद जोडला, की आवश्यक पक्षकार राहून गेला असेल तर हे संरक्षण मिळणार नाही.

आता हे तुमच्या रस्त्याला लावून पाहू. ‘चर बुजवा आणि पुन्हा अडवू नका’ एवढीच ताकीद मागितली तर थोरला पुरेसा आहे. पण तो कैफियतीत हमखास लिहील, ‘वादींना रस्त्याचा हक्कच नाही.’ मग हक्क जाहीर करून मागावा लागतो, आणि तो हक्क सबंध गटावर बसतो, एकट्या थोरल्याच्या हिश्श्यावर नाही. त्यामुळे सगळे सहमालक आवश्यक पक्षकार होतात. शिवाय थोरल्याविरुद्ध ताकीद मिळवून आलात आणि पुढच्या पावसाळ्यात मधल्या भावाने दहा फूट पुढे चर मारला, तर तुमच्या हुकूमनाम्याने तो बांधला जात नाही.

वारलेल्या भावाचं नाव सातबारावर अजून असलं तरी दावा त्याच्या नावाने लावू नका. मृत माणसाविरुद्धचा दावा मुळातच टिकत नाही. दावा चालू असताना कोणी वारला तर वारस लावायची सोय ऑर्डर 22 मध्ये आहे. आधीच वारलेल्यासाठी ती नाही. वारस म्हणून बायको, मुलगे आणि मुली, लग्न झालेल्यासुद्धा. या भावांची आई हयात असेल तर तीही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मयत मुलाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत आई येते, आणि वकिलांच्या टिपणात ती हटकून सुटते. अल्पवयीन वारस असेल तर पालक नेमण्याचा अर्ज सोबत द्या.

वाटेकरी? चर खणण्यात त्याचा हात असेल किंवा आज तोच वाट अडवत असेल, तर ताकिदीपुरता तो आवश्यक. नुसता राबत असेल तर योग्य पक्षकार. तरी घ्या, म्हणजे ‘मला काही माहीत नव्हतं’ असं म्हणायला जागा राहत नाही. तलाठ्याला मात्र नको. सातबाराच्या इतर हक्कात नोंद हवी म्हणून सरकारला ओढलंत की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस देऊन दोन महिने थांबणं आलं. तातडीचं कारण दाखवून नोटिशीतून सूट मागता येते, पण सरकारकडून तुम्हाला काहीच नको असताना तो फेरा कशाला? ग्रामपंचायतीचंही तसंच. रस्ता गाव नकाशावर सार्वजनिक म्हणून दाखवला असेल तरच तिला योग्य पक्षकार म्हणून घ्यायचा विचार करा.

तुमच्या बाजूचे 34 जण मात्र एकमेकांसाठी आवश्यक पक्षकार नाहीत. प्रत्येकाला आपल्या शेतापुरता दावा लावता येतो. पण निकाल सगळ्यांना लागू व्हावा असं वाटत असेल तर ऑर्डर 1 रूल 8 खाली प्रातिनिधिक दावा करा. हितसंबंध सारखा असला की पुरे, दाव्याचं कारण प्रत्येकाचं एकच असायला हवं असं नाही, हे तिथल्या स्पष्टीकरणातच आहे. चार-पाच वादी निवडा. ज्यांची वहिवाट जुनी आहे आणि ज्यांच्याकडे सांगणारा म्हातारा साक्षीदार आहे असेच घ्या, कारण रस्त्याच्या हक्कासाठी लागणारी वहिवाटीची 20 वर्षं त्यांच्या शेतांवरूनच सिद्ध होणार.

दाव्यासोबतच परवानगीचा अर्ज द्या. त्याला 34 जणांची नावं, गट क्रमांक आणि नोटिशीचा मसुदा जोडा. कोर्ट तुमच्या खर्चाने प्रत्येकाला नोटीस बजावेल, किंवा माणसं जास्त असली तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला सांगेल. जाहिरातीत दावा कोणत्या रस्त्याचा, मागणी काय, वादी कोण हे स्पष्ट असू द्या. ‘संबंधितांना कळविण्यात येते की’ अशी गोलमोल जाहिरात नंतर अंगाशी येते. यायला तयार नसलेल्यांना वादी करण्यासाठी ओढत बसू नका, संमतीशिवाय कोणाला वादी करता येत नाही. ज्याला विरोध करायचाय तो स्वतः अर्ज देऊन आत येऊ शकतो. आणि एक लक्षात ठेवा. प्रातिनिधिक दाव्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय केलेली तडजोड रद्दबातल असते. तुम्ही चौघांनी बांधावर बसून मिटवलं तरी ते कागदावर टिकणार नाही.

आता घाई का, ते पाहा. तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली जायची मुदत सहा महिन्यांची होती; ती गेली. दिवाणी दाव्यात सुविधाधिकार कायद्याचं कलम 15 आहे : 20 वर्षांची वहिवाट दावा दाखल होण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपणारी असावी लागते. 14 महिने गेले, म्हणजे हातात दहा उरले. चर खणल्यानंतर तुम्ही गप्प बसला नाहीत हे दाखवायला तक्रार अर्जांच्या पोचपावत्या काढून ठेवा. अडवणूक वर्षभर मुकाट्याने सोसली तर वहिवाट खंडित झाली असं समोरचा म्हणू शकतो.

पक्षकार सुटण्याचा खरा धोका इथेच आहे. समजा तुम्ही थोरल्या आणि मधल्यावरच दावा लावला आणि दीड वर्षाने पुण्याच्या वारसांना आत घेतलं. मुदत कायद्याच्या कलम 21 प्रमाणे त्यांच्यापुरता दावा, त्यांना आत घेतलं त्या दिवशी दाखल झाला असं धरतात. मग दोन वर्षं उलटलीत हा त्यांचा पहिला मुद्दा असणार. चूक प्रामाणिक होती असं पटलं तर कोर्ट आधीची तारीख धरू शकतं. पण सातबारावर नाव दिसत असताना ते पटवणं अवघड जातं.

प्रतिवादीने कैफियतीत ‘आवश्यक पक्षकार जोडलेले नाहीत’ असं लिहिलं तर हट्टाने वाद घालू नका. लगेच ऑर्डर 1 रूल 10 खाली अर्ज देऊन तो माणूस जोडा, दावा दुरुस्त करा, समन्स काढा. कनकरत्नम्मल प्रकरणात सहवारस असलेल्या भावांना पक्षकार न केल्यामुळेच वादीचा दावा सर्वोच्च न्यायालयातही पडला, तो 1960 च्या दशकात.

दावा लिहायच्या आधी चालू सातबारा, आठ-अ आणि वारसाचा फेरफार काढा. फेरफार झालेलाच नसेल तर गावातून वारसांची नावं आणि पुण्याचे पत्ते लिहून घ्या. समन्स पहिल्या फेरीत परत आला तर दोन तारखा सहज जातात.