स्लाइड नसताना मुद्दा बदलला हे कळणार कसं?

“मॅडम, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. निवड फेरीत ‘मोबाइलची बॅटरी का झिजते’ यावर सात मिनिटं बोलायचं आहे. स्लाइड, फळा काही नाही. सरावाच्या वेळी मैत्रीण म्हणाली, ‘ऐकायला छान वाटलं, पण तू कधी कुठल्या मुद्द्यावर होतीस ते कळलं नाही.’ मजकूर सोबत पाठवते आहे.”

मजकूर वाचला. माहिती चोख आहे, अडचण सांध्यांत आहे. उष्णतेचा परिच्छेद संपल्यावर तू लिहिलंयस, “याशिवाय पूर्ण चार्ज असताना बॅटरीवर ताण येतो.” कागदावर इथे नवा परिच्छेद दिसतो. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र नुसतं “याशिवाय” पडतं. हा उष्णतेचाच आणखी एक परिणाम की वेगळं कारण, याचा तो विचार करेपर्यंत तुझी पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात.

म्हणून आधी झालेला मुद्दा एका वाक्यात मिटव, मग पुढच्याचा प्रश्न विचार. असं: “उष्णतेने बॅटरीतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात, हे झालं पहिलं कारण. पण फोन गार जागी नुसता पडून असला, तरी बॅटरी झिजतेच. ती कशाने? दुसरं कारण, पूर्ण चार्ज.” “पहिलं कारण” म्हटल्यावर थांब, श्वास घे आणि मगच “पण” म्हण. कागदावर तिथे दोन उभ्या रेघा मारून ठेव.

सुरुवातीलाच सांगून टाक: “बॅटरी तीन कारणांनी झिजते: उष्णता, पूर्ण चार्ज आणि वापर.” पुढे हेच शब्द जसेच्या तसे यायला हवेत. तुझ्या मजकुरात उष्णतेचं आधी “तापमानवाढ” झालंय, नंतर “थर्मल स्ट्रेस”. निबंधात तोच शब्द पुन्हा नको, असं आपल्याला शिकवलेलं असतं. भाषणात ती सवय घात करते, कारण शब्द बदलला की ऐकणाऱ्याला मुद्दाच बदलल्यासारखा वाटतो.

आकड्यांचंही तसंच. उष्णतेच्या आत तू “पहिला परिणाम, दुसरा परिणाम” मोजलेस, त्यामुळे पुढचं “दुसरं कारण” त्यांच्यात मिसळून जातं. आकडे फक्त कारणांना ठेव. परिणामांना “एक तर” आणि “शिवाय” पुरेत.

मात्र वाक्यावाक्याला “आता मी सांगणार आहे” नको. सुरुवातीची घोषणा, कारणांमधले दोन सांधे आणि शेवटी “तिन्ही कारणं झाली, आता उपाय”, एवढं सात मिनिटांना भरपूर झालं.

मग हे सगळं अशा कुणाला तरी ऐकव, ज्याने अजून ते ऐकलेलं नाही. त्या मैत्रिणीला नको, तिला आता विषय ठाऊक आहे. नवा मुद्दा सुरू झालासा वाटला की बोट वर कर, एवढंच सांग. बोट उशिरा वर गेलं, तर आधीचा मुद्दा नीट मिटलेला नाही. भलत्याच जागी गेलं, तर तिथे बहुधा एखादा बदललेला शब्द किंवा जादा आकडा सापडेल.