मोकळ्या उत्तरांचे कोडिंग : मँचेस्टरला येण्यापूर्वी

«पुण्यात एका सर्वेक्षण संस्थेत चार वर्षे तक्ते काढण्याचे काम करते आहे. जानेवारीत मँचेस्टरला येणार आहे आणि तिथे ओपन-एंड कोडिंगच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करणार आहे. बंद प्रश्नांचे काम मला येते. पण लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या उत्तरांची वर्गवारी तिथे नेमकी कशी करतात आणि ती बंद प्रश्नांशेजारी कशी मांडतात?»

मी अकरा वर्षे लीड्समध्ये हेच काम करतो आहे. इथे तुमच्यासमोर बहुधा येईल त्या प्रकारच्या प्रश्नावरूनच सांगतो. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेत २०१३ पासून ‘फ्रेंड्स अँड फॅमिली टेस्ट’ नावाची पाहणी चालते. २०२० पासून तिचा मुख्य प्रश्न असा आहे : एकूण आमच्या सेवेचा अनुभव कसा होता? ‘फार चांगला’ ते ‘फार वाईट’ असे पाच पर्याय आणि सहावा ‘सांगता येत नाही’. त्याला जोडून मोकळ्या उत्तराचा निदान एक प्रश्न असतो आणि तो बहुधा असे मत का दिले, हे विचारतो. बंद प्रश्नाचे आकडे यंत्र काढते. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांना आकड्यांत आणणे हे आपले काम.

पहिली पायरी कोडफ्रेम, म्हणजे वर्गांची यादी, तयार करण्याची. त्यासाठी साधारण दीडशे उत्तरे वाचावीत. मात्र ती फाइलच्या वरच्या भागातून घेऊ नयेत, कारण तिथे अनेकदा एकाच वॉर्डची किंवा एकाच आठवड्याची उत्तरे सलग असतात. यादृच्छिक पद्धतीने निवडलेली उत्तरे वाचताना वर्ग सुचत जातात. प्रत्येक वर्गाला नाव देऊन थांबू नये. त्यात काय येते, काय येत नाही, हे एकेका वाक्यात लिहावे आणि खाली दोन खरी उत्तरे नमुना म्हणून ठेवावीत. हे वाक्य लिहिण्याचा कंटाळा केला, तर त्याची किंमत पुढे प्रत्येक उत्तरापाशी मोजावी लागते.

एक उत्तर घेऊ. ‘नर्स फार प्रेमळ होत्या, पण चार तास बसून राहिलो आणि का ते कोणी सांगितले नाही.’ याला तीन कोड लागतात : कर्मचाऱ्यांची वागणूक (चांगली), प्रतीक्षा (वाईट) आणि माहिती न मिळणे (वाईट). नवखा कोडर शेवटचा भाग प्रतीक्षेतच गुंडाळतो. पण रुग्णालयाच्या दृष्टीने या दोन निराळ्या गोष्टी आहेत : प्रतीक्षा कमी करायला माणसे वाढवावी लागतात, विलंबाचे कारण सांगायला मात्र एक फलकही पुरतो. वर्ग कुठे तोडायचा हे अशा फरकावर ठरते. चांगले आणि वाईट हे कोडही वेगळेच हवेत, नाहीतर ‘लगेच तपासले’ आणि ‘चार तास बसलो’ ही दोन्ही उत्तरे ‘प्रतीक्षा’ या एकाच आकड्यात मिसळतात.

आपल्याकडून आलेल्या माणसाला खरी अडचण शब्दांची येते. ‘नॉट बॅड’ ही इथे बऱ्यापैकी पसंती असते. ‘क्वाइट गुड’ मात्र ‘व्हेरी गुड’पेक्षा बरेच खालचे. ‘कान्ट फॉल्ट देम’ हे निखळ कौतुक आहे; ‘फॉल्ट’ या शब्दावर नजर अडकून मी सुरुवातीला ते तक्रारीत टाकले होते. ‘सीन स्ट्रेट अवे’मधील ‘सीन’ म्हणजे डॉक्टरांनी तपासले, आणि ‘अ बिट ऑफ अ वेट’ ही अनेकदा मवाळ शब्दांत केलेली तक्रार असते. त्याचप्रमाणे ‘काय सुधारावे?’ या प्रश्नाला कोणी ‘नथिंग’ लिहिले, तर तो रिकामा रकाना नाही. ते उत्तर आहे आणि त्याला स्वतःचा कोड हवा.

आता माझ्याकडून झालेली एक चूक. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो, तिथे एका मोठ्या कामात अर्धी उत्तरे झाल्यावर पार्किंगच्या तक्रारी वेगळ्या मोजाव्यात असे वाटले आणि मी नवा कोड उघडला. तोपर्यंतच्या अशा तक्रारी ‘इतर’मध्ये होत्या, त्या परत काढून नव्या कोडमध्ये घालायच्या राहिल्या. तक्ता महिन्यानुसार निघाला आणि पहिल्या महिन्यांत पार्किंगचा आकडा शून्य, पुढे एकदम उंच. वाचणाऱ्यांनी पार्किंगची स्थिती बिघडली असा अर्थ काढला. तेव्हापासून प्रत्येक कोडची टक्केवारी मी कामाच्या क्रमाने, शंभर-शंभर उत्तरांच्या गठ्ठ्यांत काढून पाहतो. एखादा कोड मध्येच उगवला किंवा आटला, तर बदल लोकांत झाला की कोडरमध्ये, हे मागची उत्तरे उघडून पाहावेच लागते.

दोन कोडरांचे किती जुळते हे तपासतानाही नुसत्या टक्केवारीवर विसंबू नका. समजा, शंभर उत्तरे दोघांनी स्वतंत्रपणे पाहिली. एक विरळ कोड दोघांनीही दिला अशी २ उत्तरे, दोघांनीही दिला नाही अशी ९०, आणि फक्त एकानेच दिला अशी प्रत्येकाची ४. जुळणी ९२ टक्के भरते. पण दोघांनीही तो कोड सहा-सहा वेळाच वापरला आहे, त्यामुळे योगायोगानेच सुमारे ८८.७ टक्के जुळणी झाली असती. ‘कोहेनचा कप्पा’ हे माप तो योगायोग वजा करते :

```
(0.92 - 0.8872) / (1 - 0.8872) = 0.29
```

०.२९ म्हणजे या कोडची व्याख्या दोघांच्या डोक्यात निराळी आहे. वाद झालेली ती आठ उत्तरे समोर ठेवून दोघांनी बसावे; बहुतेक वेळा दोष व्याख्येच्या वाक्यात सापडतो.

मांडणी करताना प्रत्येक कोड ० आणि १ चा स्वतंत्र स्तंभ होतो, कारण एका माणसाला अनेक कोड असतात आणि बेरीज शंभरावर जाते. नेट, म्हणजे जवळचे कोड एकत्र करून येणारा आकडा, काढताना माणसे मोजावीत, उल्लेख नव्हेत : ९० जणांनी नर्सविषयी, ६० जणांनी डॉक्टरांविषयी आणि त्यांपैकी २५ जणांनी दोघांविषयीही लिहिले असेल, तर ‘कर्मचारी’ नेट १२५ आहे, १५० नव्हे.

सर्वांत अधिक घोटाळे बेसमध्ये, म्हणजे टक्केवारी किती जणांवर काढली त्या संख्येत, होतात. समजा, बंद प्रश्नाला ६०० जणांनी उत्तर दिले, काही लिहिले ४२० जणांनी, आणि प्रतीक्षेची तक्रार १०५ जणांची आहे. लिहिणाऱ्यांत हे २५ टक्के होतात, सर्वांत १७.५. बंद प्रश्नाशेजारी ठेवायचा आकडा सर्वांवरचा, कारण शेजारच्या स्तंभाचा बेस ६०० आहे; २५ टक्के द्यायचेच असतील, तर बेस त्याच ओळीत लिहावा. त्यातही एक मर्यादा राहते. ‘प्रतीक्षेबाबत समाधानी होता का?’ असा बंद प्रश्न विचारला असता कदाचित ४० टक्क्यांनी ‘नाही’ म्हटले असते, आणि त्याने १७.५ खोटे ठरत नाही. मोकळे उत्तर आपणहून काय सुचले ते सांगते. ज्याने प्रतीक्षेचा उल्लेख केला नाही, तो तिच्यावर समाधानी होता असे मानता येत नाही.

कोडिंग करताना त्या माणसाने बंद प्रश्नात काय निवडले, हे झाकून ठेवा, कारण ते दिसले की संदिग्ध वाक्याचा अर्थ त्याच बाजूला झुकतो. काम संपल्यावर मात्र दोन्ही जोडून पाहा : ‘फार चांगला’ अनुभव सांगूनही ज्यांना केवळ तक्रारीचेच कोड मिळाले, त्यांची यादी काढा आणि एकेक पुन्हा वाचा. काहींनी खरोखरच तसे लिहिलेले असते. उरलेल्यांत ‘कान्ट फॉल्ट देम’सारखे चुकीचे वाचलेले शब्द सापडतात. तक्त्याखाली माझी टीप अशी असते : ‘मोकळा प्रश्न, एकाहून अधिक कोड शक्य, टक्केवारी सर्व ६०० उत्तरदात्यांवर, १८० जणांनी काही लिहिले नाही.’