पावसाळ्यात अडकलेली पेटी: आधी वाळवा, मग हात लावा

प्रश्न: आमच्या सामुदायिक प्रार्थना मंडळाची पेटी पाऊस लागल्यापासून बिघडली आहे. मधल्या सप्तकातली पांढरी चार दाबली की वर येत नाही. काळी दोन न दाबताच वाजत राहते. दोन्ही सूर उघडले की काळी एक थरथरते, आणि आम्ही तर काळी एकमध्येच म्हणतो. पेटी मंदिराच्या सभामंडपात असते. कुणी म्हणतं तेल सोडा, कुणी म्हणतं पट्टी घासा. पोळ्याआधी कार्यक्रम आहे, काय करावं? (नागपूर)

उत्तर:

ताई, तेल नको आणि पॉलिश पेपर तर मुळीच नको. तुम्ही सांगितलेले तिन्ही बिघाड वेगवेगळे आहेत आणि सूर, म्हणजे आतली वाजणारी पितळी जीभ, म्हणाल तर तो त्यातल्या एकाच ठिकाणी गुंतलेला आहे. बाकी दोन लाकडाचे आणि चामड्याचे आहेत. लोक सरसकट "सूर अडकला" म्हणतात आणि मग नको तिथे हात घालतात.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पेटीचं लाकूड पार सुकून आक्रसतं. जून सरता सरता पाऊस लागला की तेच लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं. पट्ट्या अगदी खेटून बसवलेल्या असतात, त्यामुळे फुगलेली पट्टी शेजारणीला घासते किंवा तिच्या खालच्या खिळ्यावर आवळून बसते. आज घासून मोकळी केलीत तर पुढच्या उन्हाळ्यात तीच पट्टी खुळखुळेल, आणि घासलेलं लाकूड काही परत येत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये पट्टी घासणाऱ्या कारागिराच्या हाती मी तरी पेटी देत नाही.

पहिलं काम वाळवण्याचं. पेटी सभामंडपातून कुणाच्या तरी घरी, कोरड्या खोलीत न्या. वरचं झाकण उघडं ठेवा आणि खोलीत पंखा चालू ठेवा, पण वारा थेट पेटीवर नको. मंडळात कुणाकडे एसी असेल तर त्याच्या ड्राय मोडवर तीन-चार दिवसांत चांगला फरक पडतो. कूलर मात्र त्या खोलीत नको. कूलर ओली हवा सोडतो, आणि नागपुरातल्या निम्म्या पेट्या पावसाच्या आधीच, एप्रिल-मेमध्ये कूलरसमोर बसून ओल्या झालेल्या असतात असं माझं ठाम मत आहे. उन्हातही ठेवू नका. सरस सुटतो, फळीला बाक येतो, आणि मग एकाच्या जागी दहा पट्ट्या बोंबलतात.

वाळल्यावर पांढरी चार पुन्हा तपासा. तिच्या दोन्ही बाजूंच्या फटीत पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून बघा. एका बाजूला तो अडखळला तर घासणं त्या बाजूला आहे. पट्टीच्या कडेवर तिथे बारीक चकाकी आलेलीही दिसेल. तिथे मऊ शिशाची पेन्सिल फिरवा. सहा बी मिळाली तर उत्तम. शिसं कोरडं असतं, चिकटत नाही, धूळ धरत नाही. दोन्ही फटी मोकळ्या असतील तर आवळलं आहे ते खिळ्यावर. पट्टी उचलता येत असेल तर खिळ्यालाही शिसं लावा. तेल लावलं की दोन दिवस पट्टी छान पळते, मग त्या तेलावर धूळ बसून तिचा लगदा होतो. तेल खालच्या चामड्यात उतरलं तर चामडंच बदलावं लागतं.

आता काळी दोन. पट्टी म्हणजे एक तरफ आहे. तुम्ही पुढचं टोक दाबता, मागचं टोक वर उठतं आणि त्याखालची चामड्याची गादी भोकावरून उचलली जाते. हवा त्या भोकातून जाते म्हणून सूर बोलतो. न दाबता बोलतो आहे म्हणजे गादी भोकावर नीट बसत नाही. भाता मारत असताना त्या पट्टीच्या मागच्या टोकावर बोटाने हलका दाब द्या. आवाज बंद झाला तर स्प्रिंग ढिली पडली आहे. ती काढून किंचित ताणून परत बसवता येते, पण हात सरावलेला नसेल तर कारागिराकडून करून घ्या. दाबूनही आवाज चालूच राहिला तर गादीखाली कचरा आहे किंवा चामडं आखडलं आहे. मग पट्टी थोडी उचला, गादीखाली कोऱ्या कागदाची पट्टी घाला, गादी तिच्यावर टेकू द्या आणि कागद हळूच ओढून घ्या. तीन-चार वेळा करा. कागदावर राखाडी रेघ उमटली तर ती बहुतेक अगरबत्तीची राख असते.

प्रार्थना मंडळाच्या पेट्यांचा हा खास आजार आहे. पेटीची पूजा करताना तिच्यावरच हळदकुंकू, हार, आणि शेजारी धूप. भाता हवा आत ओढतो तेव्हा तो धूरही आत ओढतो, आणि त्यातला चिकट थर चामड्यावर आणि सुरांवर बसतो. पूजा करा, फक्त अगरबत्ती पेटीपासून पाच-सहा हात लांब लावा आणि भात्याच्या बाजूला तर नकोच. शेजारी शेजारी चार-पाच पट्ट्या एकदम बोलायला लागल्या तर मात्र कागदाने काही व्हायचं नाही. तिथे फळीलाच बाक आलेला असतो. ती वाळू द्या, तोवर हात लावू नका.

काळी एकची थरथर ही सुराची गोष्ट. तुमच्या पेटीत प्रत्येक पट्टीला सुरांचे दोन संच आहेत. दोन सूर अगदी जुळलेले असले की आवाज एकसंध येतो, एक जरा उतरला की हेलकावे पडतात. फोनवर ट्यूनर ॲप घ्या, काळी एक दाबा आणि भाता एकसारखा ठेवून एकेक संच वेगवेगळा ऐका. भाता जोरात मारला की सूर थोडा हलतो, म्हणून दोन्ही वेळी दाब सारखा पाहिजे. समजा एक संच बरोबर दाखवतो आणि दुसरा १२ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभर भागांतले १२, खाली. मधल्या सप्तकात काळी एक २७७ हर्ट्झच्या आसपास असते, तेव्हा एवढ्या फरकाने सेकंदाला साधारण दोन हेलकावे पडतात. कान लावून मोजता येतात, ॲप चुकतंय का तेही त्यावरून कळतं.

पण लगेच कानस काढू नका. पितळेच्या सुरावर दमट हवेचा परिणाम नगण्य असतो. पावसाळ्यात सूर अचानक उतरला तर पहिला संशय त्याच्या टोकावरच्या मळावर किंवा हिरव्या कळंकावर घ्यायचा. टोक जड झालं की सूर उतरतो. बाजूचे हूक काढून सूरफळी उचला म्हणजे खाली सुरांची रांग दिसेल. कोरड्या मऊ ब्रशने, मुळाकडून टोकाकडे, एका दिशेने झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. कॅमेऱ्याचा रबरी फुगा वापरा. जिभेखाली कागदाची बारीक पट्टी घालून बाहेर ओढली तर अडकलेला कण निघतो. टोक फार वर उचलू नका. ते सुराच्या पितळी चौकटीच्या पातळीपासून साधारण जिभेच्या जाडीएवढंच वर असायला हवं. खाली बसलं तर जोरात भाता मारला की सूर गुदमरतो, जास्त वर राहिलं तर सूर उशिरा बोलतो आणि हवा खातो.

साफ करूनही फरक राहिला तरच सुराची लावणी. तत्त्व सोपं आहे: टोकाकडचं पितळ खरवडलं की सूर चढतो, मुळाकडचं, रिव्हेटजवळचं खरवडलं की उतरतो. जिभेखाली पातळ पत्रा घालून तिला आधार द्यायचा, बारीक कानशीचे दोन-तीन हलके हात द्यायचे, पत्रा काढून फळी परत बसवायची आणि ऐकायचं. घासताना सूर तापतो आणि तापलेला सूर खाली बोलतो, म्हणून थोडं थांबून मगच मोजा. १२ सेंट एका दमात भरून काढायच्या नादात लोक सूर २० सेंट वर नेतात, मग उतरवायला मूळ खरवडतात, आणि शेवटी जीभच पातळ पडते. एकच सूर एकदम पाव-अर्धा स्वर खाली गेला आणि साफ करूनही येत नाही, तर मुळाशी चीर गेलेली असते. तो लावायचा नाही, बदलायचा. पूर्ण पेटीची लावणी दिवाळीनंतर करून घ्या, हवा कोरडी आणि सारखी असते तेव्हा.

कार्यक्रमापुरतं सांगायचं तर काळी एकची थरथर नको असेल तर दुसरा संच बंद ठेवा. आवाज थोडा बारीक होईल, पण बेसूर नाही होणार. पांढरी चार तोवर सुटली नाही तर एक सूर वर, पांढरी दोनमध्ये म्हणा. काळी एकमध्ये पांढरी चार हा तुमचा शुद्ध गंधार आहे, तिच्यावाचून बहुतेक भजनं अडतात. पांढरी दोनमध्ये ती कोमल गंधार होते, म्हणजे बिलावल-भूप अंगाच्या चाली निभतात. शेवटची भैरवी तेवढी अडेल, तिला कोमल गंधार लागतोच. काळी दोनची मात्र वेळेआधी सोय लावा. ती सुरू राहिली तर कुठल्याही पट्टीत गा, ती मधे बोलणारच.

ठेवण्याचं: सभामंडपात बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर पेटी नको, ओल तिथूनच चढते. खाली पाट किंवा लाकडी फळी द्या, भाता मिटवून हूक लावा, वर सुती खोळ घाला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. खरं म्हणजे खोक्यात किंवा घट्ट बसणाऱ्या लोखंडी कपाटात ठेवलेली बरी, आणि सोबत साधारण पाव किलो सिलिका जेल दोन सुती पुरचुंड्यांत. नारिंगी रंगाची घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर एक-दोन तास तापवली की पुन्हा वापरता येते. त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं नको. तांदळाची पुरचुंडी ठेवू नका, ओल फारशी ओढत नाही आणि सोंडे मात्र पडतात. डांबरगोळ्या घालायच्या तर कापडात बांधून खोक्याच्या कोपऱ्यात, पेटीच्या आत नाही. आत एक स्वस्तातला डिजिटल आर्द्रतामापक ठेवला तर अंदाज राहतो: ४५ ते ६० टक्क्यांत पेटी सुखात असते, ७०च्या वर चार दिवस गेले की पट्ट्या पुन्हा जड लागतील.

पेटी वाळल्यावर काळी दोनच्या मागच्या टोकावर बोट ठेवून आवाज बंद झाला की नाही, तेवढं इथे कळवा. त्यावरून स्प्रिंग की चामडं ते ठरवू.